बढती त्याला मिळाली, अभिनंदन मला करायचंय: तुमचे अनुभव सांगा

शाखेतला: सरकारी बँकेत आहे. स्केल दोनवरून तीनची यादी आज संध्याकाळी लागली. आमच्या शाखेतून दोघं मुलाखतीला गेलो होतो; त्याचं नाव आलं, माझं नाही. ग्रुपवर सगळ्यांबरोबर मीही टाळ्या टाकल्या. उद्या समोरासमोर काय बोलू? उपदेश नको, स्वतःवर आलेलं लिहा.

निवृत्त मॅनेजर: उद्याची वाट कशाला बघता? आत्ताच फोन करा. ग्रुपवरच्या टाळ्या कोण मोजतो, पण आपल्याबरोबर मुलाखतीला बसलेल्याचा फोन आला का, हे माणूस बरोबर लक्षात ठेवतो. मी एवढंच म्हणालो होतो, "अभिनंदन. मार्चमध्ये वसुलीसाठी रात्री उशिरापर्यंत थांबायचास, त्याचं चीज झालं." त्याचं खरं काम नाव घेऊन सांगितलं की बोलणं पोकळ वाटत नाही. "मलाही आशा होती" हे मात्र गिळलं. ते बोललो असतो तर त्यालाच माझी समजूत काढत बसावं लागलं असतं. आपले गुण कुठे कमी पडले, ते आठवड्याने एचआरला विचारा, त्याला नव्हे.

कोल्हापूरकर: मला नाही जमत बुवा. पुढंपुढं करणाऱ्यालाच मिळतंय सगळं. गोपनीय अहवाल तर दाखवतच नाहीत. कसलं अभिनंदन?

निवृत्त मॅनेजर: अहवालाचं तसं नाही. २००८ साली देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी सेवेत प्रत्येक शेरा, अगदी चांगलासुद्धा, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे. खासगी कंपनीला हे लागू नाही. वशिल्याचं खरं असेलही, पण ती तक्रार वर करायची.

हिंजवडी: आमच्याकडे लीडची जागा मैत्रिणीला मिळाली. अभिनंदन सोपं होतं हो! अवघड गेली तिच्याबरोबरची पहिली वन-ऑन-वन, कारण आता माझं रेटिंग तीच देणार. मी सरळ म्हटलं, "वाईट वाटलंय. कामात दिसणार नाही, पण थोडे दिवस डबा वेगळा खाईन." ती "बरं" म्हणाली. आता जेवतो एकत्र, पण मॅनेजरच्या कुचाळक्या बंद. मॅनेजर तीच ना!

नवा साहेब: माझं उलटं आहे. बढती मला मिळाली, माझ्याहून ज्येष्ठ असलेल्याला नाही. त्याने पेढा घेतला आणि न खाता ड्रॉवरमध्ये ठेवला. त्याला काय म्हणू?

बाई: काही म्हणू नका. "पुढच्या वेळी तुमचाच नंबर" तर अजिबात नको. आमच्या शाळेत पर्यवेक्षक झालेल्या बाई मला असंच म्हणाल्या. पद एकच, आणि त्या माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्या निवृत्त होईपर्यंत मी घरी नातवंडं सांभाळत असेन!

कोल्हापूरकर: पेढ्याला साखर जास्त असेल, शुगर असंल त्याला.

शाखेतला: रात्रीच फोन केला. वसुलीचं बोललो, तोही मोकळा झाला. आज कळलं, पोस्टिंग गुवाहाटी, आणि मुलगी दहावीला. सकाळपासून अख्खी शाखा त्याचीच समजूत काढतेय. गुणांचा अर्ज मी पुढच्या आठवड्यात देतो.