मंडळाच्या वेबसाइटचं पत्र आणि ‘चर्चा करावी’ हा शेरा

अहिराणी मंडळ सचिव :
आमच्या कॉलेजच्या अहिराणी मंडळाचा मी यंदाचा सचिव. आखाजीची आणि कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या आम्ही गावोगाव जाऊन मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. त्या सगळ्यांना ऐकता याव्यात म्हणून प्राचार्यांना पत्र दिलं : “विषय : मंडळाची वेबसाइट मंजूर करणेबाबत. महोदय, आजच्या डिजिटल युगात वेबसाइट ही काळाची गरज आहे. तरी आमच्या मंडळास वेबसाइटसाठी रु. ३५,००० मंजूर करावेत, ही नम्र विनंती.” आठवड्याने पत्रावर ‘चर्चा करावी’ एवढा शेरा आला. ज्यांना मायबोलीची किंमत नाही त्यांच्याशी काय चर्चा करायची? मुलांसाठी पैसा म्हटलं की यांचे हात आखडतात.

जुना अधीक्षक :
शेवटची दोन वाक्यं वाचून राग आला, म्हणून सविस्तर लिहितो. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. साहेबांना नको असलेल्या पत्रावर ‘दफ्तरी दाखल’ असं लिहून येतं. ‘चर्चा करावी’ याचा अर्थ साहेबांना करायचं आहे, पण तुझ्या कागदावर सही करण्यासारखं काही सापडलं नाही. तू समोर जायचं सोडून इथे येऊन त्यांना बोल लावतोस.

तुझं पत्र पुन्हा वाच. ३५,००० कशाचे? दुकानदाराने तोंडी सांगितलेला आकडा असणार. कॉलेजात कुठलाही खर्च एखाद्या शीर्षाखाली पडावा लागतो. वार्षिक अंदाजपत्रक महाविद्यालय विकास समिती तयार करते आणि संस्थेकडे पाठवते, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात तसं लिहिलेलंच आहे. त्यात ‘मंडळाची वेबसाइट’ नावाचं शीर्ष नसेल तर वर्षाच्या मध्यात साहेबांनी एवढे पैसे कुठून काढायचे? छोटी रक्कम ते विद्यार्थी उपक्रमातून देऊ शकतात. मोठी हवी असेल तर पत्र डिसेंबर-जानेवारीत, पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक बांधायच्या आधी पोचायला हवं.

दुसरी गोष्ट याहून मोठी. वेबसाइट कुणाच्या नावावर असणार, हे पत्रात कुठेही नाही. एका कॉलेजात विज्ञान मंडळाची साइट झाली होती. डोमेन सचिवाने स्वतःच्या जीमेलवरून, स्वतःच्या नावावर घेतलं. पोरगा पास होऊन पुण्याला नोकरीला गेला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या मेलवर येत राहिल्या, त्याने कधी उघडून पाहिल्या नाहीत. मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्या दराने, नंतर काही दिवस जादा दंड भरून डोमेन परत मिळतं. तेवढं उलटलं की ते कुणालाही घेता येतं. तिसऱ्याच माणसाने घेतलं आणि त्यावर रमीच्या जाहिराती लावल्या. तोच पत्ता कॉलेजच्या वार्षिक अंकात छापलेला, नॅकच्या फायलीतही लावलेला. प्राचार्यांना समितीपुढे मान खाली घालावी लागली. तुझे साहेब ‘चर्चा करावी’ लिहितात तेव्हा असलंच काहीतरी त्यांच्या डोळ्यासमोर असतं.

आणि पत्र ‘मार्फत : मंडळ समन्वयक’ न लिहिता थेट दिलंस ना? मग तुमच्या सरांनाही हा प्रकार शेऱ्यावरूनच कळला असेल.

कोडकर धुळेकर :
आबा, शीर्ष आणि समिती कशाला? साधी साइट आहे, लिखाण आणि ऑडिओ. गिटहब पेजेसवर फुकट उभी राहते. पाच मिनिटांचं गाणं ६४ केबीपीएसला अडीच एमबीच्या आत बसतं. शंभर गाणी धरली तरी अडीचशे एमबी होत नाहीत, आणि तिथली मर्यादा एक जीबीची आहे. ३५,००० मागणारा दुकानदार तयार टेम्प्लेट लावून देणार. पहिल्या वर्षी होस्टिंग स्वस्त दाखवणार आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट-तिप्पट बिल पाठवणार. पत्रच नको आणि बजेटही नको, आज रात्री साइट सुरू.

प्रयोगशाळेतली ताई :
साठवणीचं गणित बरोबर आहे, पण निम्मंच. ती फुकटची साइट कुणाच्या खात्यावर चालणार? तुमच्याच ना? म्हणजे आबांनी सांगितलेलं पुण्याचं प्रकरण पुन्हा. मी कॉलेजची वेबसाइट सांभाळते म्हणून सांगते, नवीन डोमेन घ्यायचंच नाही. कॉलेजचं ac.in डोमेन आहेच. त्याच्याखाली मंडळाचा उपपत्ता काढायला पैसे लागत नाहीत, डीएनएसमध्ये एक ओळ घालावी लागते :

```
ahirani   CNAME   mandal-khate.github.io.
```

मग गिटहबच्या सेटिंगमध्ये तोच पत्ता लिहायचा. ती ओळ मात्र मला किंवा डोमेन सांभाळणाऱ्या एजन्सीलाच घालता येते आणि प्राचार्यांच्या लेखी मंजुरीशिवाय मी हात लावत नाही. म्हणून पत्र हवं. पैशापेक्षा या ओळीसाठी हवं. उद्या साइट दुसरीकडे हलवली तरी पत्ता तोच राहतो आणि तो कॉलेजचा असतो. खातंही कॉलेजच्या मेलवर उघडा, पासवर्ड समन्वयक सरांकडे बंद पाकिटात ठेवा. नवीन सचिव आला की सरांसमोर बदला.

कोडकर धुळेकर :
ac.in डोमेन मंडळाला स्वतंत्र घेता येत नाही का? एर्नेट देतं ना?

प्रयोगशाळेतली ताई :
एर्नेट शिक्षणसंस्थेला देतं, संस्थेच्या कागदपत्रांवर. सचिवाच्या आधार कार्डावर देत नाही.

कोडकर धुळेकर :
बरं, तेवढं मान्य. पण साइट फुकटच होते, हे माझं म्हणणं उभं आहे.

नंदुरबारचा भो :
कॉलेजच्या वेबसाइटवर फॉर्म भरायची लिंक उघडत नाही, त्याचं आधी बघा की! माझ्या बहिणीला शेवटच्या दिवशी तालुक्याला सायबर कॅफेत जावं लागलं.

प्रयोगशाळेतली ताई :
दादा, इथे मंडळाच्या वेबसाइटचं चाललंय.

माजी सांस्कृतिक प्रतिनिधी :
फुकट, फुकट काय लावलंय? खर्च होतोच आणि तो पोरांच्या खिशातून होतो. आमच्या वेळी स्नेहसंमेलनाची पत्रिका छापायला सर म्हणाले, “तू भर, नंतर बिल लाव.” मी ४,८०० रुपये भरले. ऑफिसने बिल परत केलं, कारण बिलावर माझं नाव. माझे वडील रावेरला केळीच्या बागेत मजुरी करायचे. ती रक्कम आमच्या घरात काय होती, हे त्या ऑफिसातल्या खुर्च्यांना कळणार नाही. पैसे आजपर्यंत मिळालेले नाहीत. फीच्या पावतीवर मात्र दर वर्षी उपक्रम शुल्क लिहिलेलं असतं. ते जातं कुठे? आबा, तुमच्यासारख्यांनीच ही बिलं परत केली.

जुना अधीक्षक :
बिल परत करणाऱ्याला शिव्या घालणं सोपं आहे. लेखापरीक्षक आला की विद्यार्थ्याच्या नावाच्या बिलावर आक्षेप निघतो आणि वसुली कारकुनाच्या पगारातून होते. बिल ‘प्राचार्य’ आणि पुढे कॉलेजचं नाव, असंच हवं, जीएसटी क्रमांकासकट.

माजी सांस्कृतिक प्रतिनिधी :
मग हे पैसे भरायच्या आधी का नाही सांगत? एकोणीस वर्षांच्या पोराला लेखापरीक्षण काय माहीत? तुमचा नियम बरोबर आणि नुकसान नेहमी गरिबाचं, हे कसं?

जुना अधीक्षक :
आवाज चढवू नकोस. माझ्या टेबलावर आलेल्या पोराला मी नियम सांगितलाच आहे.

माजी सांस्कृतिक प्रतिनिधी :
टेबलापर्यंत यायची हिंमत होणाऱ्यांना सांगितला असेल. बाकीचे दारातूनच परत जायचे.

मराठीच्या बाई :
दोघेही थांबा जरा. याच्या पैशांचं जे झालं ते वाईटच झालं आणि यात चूक त्या सरांची आहे. उपक्रमासाठी शिक्षकाने स्वतःच्या नावावर उचल घ्यायची असते आणि खर्च झाला की बिलं जोडून हिशेब द्यायचा असतो. विद्यार्थ्याने पदरचा रुपया घालायचा नसतो. मी मंडळ चालवते, दर वर्षी उचल माझ्या सहीने निघते. सचिवाने पत्रातच लिहावं : “रक्कम समन्वयकांच्या नावे अग्रिम म्हणून मिळावी.” एवढ्या एका वाक्याने पुढचं दुखणं टळतं.

माजी सांस्कृतिक प्रतिनिधी :
हे वाक्य तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! ठीक आहे, बाईंचं पटलं. उपक्रम शुल्काचा हिशेब मात्र मला अजून कुणी दिलेला नाही.

जुना अधीक्षक :
तो विद्यार्थी परिषदेने मागावा. मागितला तर द्यावा लागेल, एवढं मी म्हणतो.

मराठीच्या बाई :
आणखी एक. बाळा, ज्या आजींच्या ओव्या तू घेतल्यास, त्यांना विचारलंस का? कानबाईच्या रात्री घरात म्हटलेलं गाणं जगभर ऐकू जाणार, हे त्यांना सांगायला हवं. माझ्याकडच्या मुली रेकॉर्डिंग सुरू केल्यावर आधी नाव, गाव विचारतात आणि “हे इंटरनेटवर टाकू का?” असं अहिराणीत विचारून उत्तर त्याच फायलीत घेतात. एका आजींनी गाणं दिलं, पण नाव लावू नका म्हणाल्या, तर आम्ही गावाचंही नाव काढलं. साइटवर काय चढणार ते आधी कोण ऐकणार, हे पत्रात नसेल तर कुठलेही प्राचार्य सही करणार नाहीत. उद्या कुणाच्या घरचा माणूस तक्रार घेऊन आला तर तो सचिवाकडे येत नाही, त्यांच्या केबिनमध्ये येतो.

अहिराणी मंडळ सचिव :
काही जणींना विचारलं होतं, सगळ्यांना नाही. या रविवारी परत जातो. दुकानदाराचा विषय सोडला. नवीन मसुदा असा :

“मार्फत : समन्वयक, अहिराणी मंडळ. विषय : मंडळाच्या संकेतस्थळासाठी महाविद्यालयाच्या डोमेनखाली उपपत्ता व रु. १०,००० खर्चास मंजुरी मिळणेबाबत.
महोदय, मंडळाने जमवलेली गाणी व ओव्या संबंधितांच्या संमतीने प्रकाशित करावयाच्या आहेत. डोमेन व होस्टिंगचा खर्च नाही. मूळ ध्वनिफिती जपण्यासाठी हार्ड डिस्क रु. ५,०००, दोन कॉलर माइक रु. ३,०००, गावभेटींचे एसटी भाडे रु. २,०००. पुढील वर्षी साइटसाठी आवर्ती खर्च नाही. सर्व खाती महाविद्यालयाच्या ईमेलवर राहतील. प्रत्येक ध्वनिफीत समन्वयक ऐकून मान्य करतील, मगच प्रकाशित होईल. रक्कम समन्वयकांच्या नावे अग्रिम मिळावी. सोबत हार्ड डिस्क व माइकची तीन दरपत्रके.”

कोडकर धुळेकर :
हार्ड डिस्क कशाला? सगळं साइटवर आहेच की.

प्रयोगशाळेतली ताई :
साइटवर दाबून लहान केलेल्या फायली. मूळ रेकॉर्डिंग एकदा गेलं की त्या आजीकडे परत मागता येईलच असं नाही.

जुना अधीक्षक :
आता हा कागद सही होण्यासारखा आहे. वर ‘संदर्भ’ म्हणून तुझं आधीचं पत्र आणि त्यावरचा आवक क्रमांक टाक, म्हणजे ‘चर्चा करावी’ला हे उत्तर आहे, हे साहेबांना कळेल. दोन प्रती ने, एकीवर शिक्का घे. आणि एसटी भाड्याची तिकिटं फेकू नकोस.

माजी सांस्कृतिक प्रतिनिधी :
तिकिटं ‘प्राचार्यां’च्या नावावर कशी काढायची, तेही सांगा आबा.

जुना अधीक्षक :
तिकिटावर नाव नसतं. प्रवास कुणी, कुठल्या गावाला, कधी केला याचा तक्ता करून तिकिटं चिकटवायची, खाली समन्वयकांची सही. तुझ्या त्या पत्रिकेच्या बिलाची झेरॉक्स असेल तर मला पाठव. काय होतं ते बघतो, वचन देत नाही.