मदत हवी आहे: जर्मनीतली नर्सिंगची ऑफर घेऊ की इथेच सरकारी नोकरीची तयारी करू?

वाईची_सिस्टर

नमस्कार. मी बीएस्सी नर्सिंग, वय २९, पुढच्या मार्चमध्ये ३० पूर्ण. पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत सहा वर्षं झाली. पगार ३४ हजार. इनचार्जची जागा पुढेमागे मिळेल असं मेट्रन म्हणतात, पण त्याने पगारात चार-पाच हजारांचाच फरक पडेल.

नोकरी सांभाळत जर्मन भाषेची बी२ पातळी केली. परीक्षा पास झाले आणि एका एजन्सीमार्फत जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमाचं ऑफर लेटर आलं. सुरुवातीला २,७३० युरो, पुढे पदवीला तिथली मान्यता मिळाल्यावर ३,४५०. नवरा साताऱ्यात सहकारी बँकेत आहे, मूल नाही. त्याचं म्हणणं, पाच वर्षं जा, पैसे साठव, परत ये. सासरे म्हणतात सरकारी परीक्षा दे, जन्माची चिंता मिटेल. मला कळत नाहीये ते असं: पाच वर्षांनी परत आले तर इथे माझं नर्सिंगचं करिअर कुठे असेल? कोणी गेलेलं किंवा परत आलेलं आहे का?

रोहन_८७

डोळे मिटून जा. मी म्युनिकला आहे, ब्लू कार्ड या कामाच्या परवान्यावर आलो, २१ महिन्यांत पीआर मिळाला. बी२ आहे म्हणजे तुमचं अर्धं काम झालं. इथे इंग्रजीवर भागतं तरी भाषेशिवाय लोक अडकतात. पगार कमी वाटतोय पण तो वाढवून मागता येतो, पहिल्या ऑफरला कधी हो म्हणू नका.

मेघना_लाइपझिग

रोहन, तुझं खरं आहे, पण ते इंजिनियरचं. या ताईंना ब्लू कार्ड मिळत नाहीये. त्यांना आधी मान्यतेसाठीच्या परवान्यावर यावं लागेल. २१ महिन्यांचा हिशोब इथे लावू नकोस.

वाईची_सिस्टर, मी आयसीयूतून इथे आले, आता सात वर्षं झाली. तुझ्या पत्रातले दोन आकडे म्हणजे दोन वेगवेगळ्या नोकऱ्या आहेत, हे आधी लक्षात घे. २,७३० युरो हा मदतनिसाचा पगार. आपली पदवी तिथल्या राज्याच्या कार्यालयाने तपासली की एक पत्र येतं, डेफिझिटबेशाइड. काय कमी आहे ते त्यात लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या मुलींची कमी बहुतेकदा वृद्धसेवेच्या प्रात्यक्षिकांत निघते, कारण आपल्या अभ्यासक्रमात ते फारसं नाही. ती भरून काढायला एक तर आनपासुंग्सलेरगांग करायचा किंवा केंटनिसप्रुफुंग द्यायची. पहिल्यात काही महिने ठरलेल्या विभागांत काम आणि शेवटी बोलून तपासणी. दुसऱ्यात तोंडी आणि प्रत्यक्ष रुग्णावर परीक्षा, नापास झालं तर एकदाच पुन्हा देता येते. हे पूर्ण होईपर्यंत तू मदतनीसच. आयसीयूत सहा वर्षं व्हेंटिलेटर सांभाळलेला असला तरी सकाळी सहाला आजीबाईंना आंघोळ घालणं, जेवण भरवणं, बिछाना बदलणं हे काम. मी कमी लेखत नाही, इथे नर्सिंगचा तो गाभाच मानतात आणि पूर्ण मान्यतेनंतरही तो सुटत नाही. पण इथे येईपर्यंत हे कोणी सांगत नाही.

तेव्हा तुझा पहिला प्रश्न एजन्सीला असा हवा: मदतनीस म्हणून मी किती महिने राहीन आणि त्यात आनपासुंग्सलेरगांगची व्यवस्था कोण करणार? वृद्धाश्रमात सगळे विभाग नसतात. हॉस्पिटलमधल्या विभागात पाठवायची सोय आश्रमाने आधी करून ठेवली असेल तर वर्षभरात निभतं. नसेल तर दीड-दोन वर्षं सहज जातात.

शैलाताई_मस्कत

मी ओमानमध्ये नऊ वर्षं होते. बाळा, जर्मन वगैरे कशाला? आखातात भाषा लागत नाही, टॅक्स नाही, क्वार्टर मिळतं. मी घर बांधलं, दोन्ही मुलांची शिक्षणं झाली. एक मात्र सांगते. परत आले तेव्हा नाशिकच्या हॉस्पिटलने नऊ वर्षांचा अनुभव नुसता कागदावर मानला आणि पगार जुन्याच पट्टीने दिला. म्हणून मी कायम म्हणते, परदेशी पैसा घर बांधायला, करिअर इथलं इथेच. नोकरीला बाहेर जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असा ईसीआरचा शिक्का पासपोर्टवर आहे का ते बघ.

वाईची_सिस्टर

शैलाताई, माझं बी२ वर दीड वर्ष गेलंय, आता आखाताकडे वळायचं जिवावर येतं. आणि ईसीआर जर्मनीला लागतच नाही ना?

मेघनाताई, तुम्ही सांगितलंत ते पत्रात शोधलं. लिहिलंय की मान्यता मिळवायला ‘संस्था सहकार्य करेल’. कोर्स कुठे, किती महिने, काही नाही. आणखी एक: तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर ९,००० युरो परत द्यायचे. माझ्याकडून एजन्सीने आत्तापर्यंत दीड लाख घेतलेत, भाषेच्या क्लासचे आणि ‘प्रोसेसिंग’चे मिळून.

दत्ता_नाशिक

मी सरकारी खात्यात क्लार्क आहे म्हणून सांगतो. सोपा मार्ग आहे. आधी एम्स किंवा राज्यात सरकारी नर्स म्हणून लागा, प्रोबेशन संपवा, मग बिनपगारी रजा टाकून जर्मनीला जा. दोन्ही हातांत लाडू.

मेघना_लाइपझिग

दत्ता, रजेवर असताना दुसरीकडे नोकरी करायची तर आधी परवानगी लागते. परदेशी कमाईसाठी ती सहजासहजी मिळते असं धरून चालू नका. पकडलं गेलं तर खातेनिहाय चौकशी आणि नोकरीवर पाणी. या ताईंना असं काही सांगू नका.

आता दीड लाख. नोंदणीकृत भरती एजंटला आपल्या कायद्याने उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढीच सेवा फी घेता येते. क्लासचे पैसे वेगळे, पण पावती वेगळी असायला हवी. ‘प्रोसेसिंग’ या नावाखाली काय काय घेतलं ते लेखी मागव. एजन्सी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेली आहे का ते आज रात्रीच बघ. आणि जर्मन बाजूने ‘फेअर भरती’ची जी मोहोर आहे, तिच्या नियमात सगळा खर्च मालकाने करायचा असतो. मोहोर आहे का हे तुझ्या आश्रमालाच मेल करून विचार, एजन्सीला नको.

९,००० युरोंचं कलम सही करण्यासारखं नाही, निदान असं तरी नाही. रक्कम दर महिन्याला कमी होत जाणारी हवी आणि तुझी चूक नसताना नोकरी सुटली तर लागू नको.

निखिल_पिंपरी

आकड्यांवर कोणीच बोलत नाहीये. युरो ढोबळ १०० रुपये धरू. २,७३० म्हणजे कर, विमा, पेन्शन कापून हातात साधारण १,९०० युरो. छोट्या गावात घर ६०० धरलं, खाणंपिणं, फोन, प्रवास ५००. उरतात ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपये. मान्यता मिळाली की ३,४५० चे हातात २,२५० च्या आसपास, शिवाय रात्रपाळीचे वेगळे. तेव्हा लाखाच्या वर वाचेल.

आता इकडे. एम्सच्या नर्स भरतीची परीक्षा, नोरसेट, दिली आणि लागलीस तर लेव्हल ७, मूळ पगार ४४,९००, वर महागाई, घरभाडं, नर्सिंग भत्ता. एकूण ८० हजारांच्या वर जातो, त्यातून खर्च जाऊन निम्मं उरलं तरी छान. म्हणजे जर्मनीतली पहिल्या वर्षाची बचत आणि एम्सचा पगार साधारण एकाच रांगेत येतात. फरक पडतो तो मान्यतेनंतर. आणि खासगी हॉस्पिटलच्या ३४ हजारांशी तुलना केली तर दोन्हीही बाजू जिंकतात, म्हणून मला वाटतं तुझा प्रश्न जर्मनी की भारत असा नाहीच. कोणतं दार आधी बंद होतं, तो आहे.

नोरसेटला वयोमर्यादा ३० आहे, राखीव प्रवर्गाला सवलत. तू खुल्या प्रवर्गात असशील तर पाच वर्षांनी परत येऊन ते दार उघडायचं नाही. राज्याच्या भरतीत मात्र खुल्यासाठी ३८ आहे, तिथे ३५ व्या वर्षीही फॉर्म भरता येईल.

वाईची_सिस्टर

खुला प्रवर्ग. म्हणजे एखादीच संधी उरली. माझ्या बरोबरीच्या दोघी मागच्या वेळी बसल्या होत्या, प्रिलिम्स निघाली पण मेन्सला राहिल्या. निघेलच असं मी म्हणू शकत नाही.

मेघना_लाइपझिग

निखिलने नेमकं सांगितलं. त्यात परतण्याबद्दल एक भर. पाच वर्षं हा आकडा नवऱ्याने सहज बोलला असेल, पण इथे तो महत्त्वाचा आहे. पेन्शनचं योगदान ६० महिन्यांपेक्षा कमी असताना कायमचं परतलीस, तर दोन वर्षं थांबून तुझ्या हिश्शाचे पैसे परत मागता येतात, मालकाचा हिस्सा नाही. ६० महिने पूर्ण झाले की पैसे परत नाहीत, म्हातारपणी पेन्शन भारतातही मिळते. म्हणून परतायचं असेल तर ५९ व्या महिन्याला की ६१ व्या, हे आधी ठरवायचं.

कायमच्या वास्तव्यासाठी तीन वर्षं लागतात, पण ती मान्यतेनंतरच्या परवान्यापासून मोजतात. म्हणजे मदतनीस म्हणून गेलेला काळ त्यात धरत नाहीत. मान्यता लांबली की सगळंच लांबतं. तुझ्या पत्रात सगळ्यात कच्चं तेच आहे.

करिअरचं विचारलंस म्हणून. इथे आयसीयू आणि भूलशास्त्राची दोन वर्षांची फाखवायटरबिल्डुंग, म्हणजे विशेष प्रशिक्षण आहे, नोकरी करत करता येते, पगार आणि जबाबदारी दोन्ही वाढतात. मी तीच केली. पण त्यासाठी हॉस्पिटल हवं, वृद्धाश्रमातून वळावं लागतं. आणि भारतात परतलीस तर सरकारी श्रेणीत त्याने फरक पडत नाही, मोठ्या खासगी आयसीयूत बोलणी करायला उपयोग होईल. मी परतणार नाहीये, त्यामुळे माझा अनुभव अर्धाच समज.

शैलाताई_मस्कत

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, ती बाहेर असताना चुकवू नकोस. मी चुकवली आणि परतल्यावर कागद घेऊन मुंबईच्या खेपा घातल्या.

वाईची_सिस्टर

हे लक्षात नव्हतं, धन्यवाद.

तूर्त असं करते. आश्रमाला थेट मेल: मान्यतेचा कोर्स कुठे, किती महिने, ९,००० ची अट कशी कमी होणार, मोहोर आहे का. एजन्सीकडून दीड लाखाचा लेखी हिशोब. त्यांचं उत्तर येईपर्यंत नोरसेटचा फॉर्म भरून अभ्यासाला लागते. सही मागायला लागले तर थांबवते. एजन्सीचा आज सकाळी फोन आला, म्हणाले दहा दिवसांत सही नाही केली तर जागा दुसऱ्याला जाईल. मेघनाताई, हे खरं असतं का?

मेघना_लाइपझिग

एखाद्या आश्रमाने खरोखर तारीख दिलेली असू शकते, तेव्हा खोटंच म्हणणार नाही. पण इथे नर्सची इतकी टंचाई आहे की बी२ झालेली आयसीयूची मुलगी जागेवाचून राहत नाही. आणि एक सुचवते, एजन्सीला विचार की हॉस्पिटलची ऑफर का नाही काढली. उत्तर काय देतात ते इथे लिही.

दत्ता_नाशिक

रजेचं मी मागे घेतो. पण नवरा कायम साताऱ्यात राहणार का, त्याच्या बँकेच्या नोकरीचं काय, हे कोणी विचारलंच नाही.

वाईची_सिस्टर

त्यावर घरी अजून बोलणं व्हायचंय. तो म्हणतो मी येणार नाही. मला वाटतं वर्षभराने त्याचं मत बदलेल. त्याला वाटतं माझं बदलेल.