कुत्र्याच्या प्रथमोपचाराचा डबा: तुमच्याकडे काय काय असतं?

ओसरी: काल माळा आवरताना बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सापडला आणि राजाची ती रात्र आठवली. फिरून येताना फुटक्या बाटलीवर पाय पडला, तळव्याची गादी चिरली. जिनाभर रक्ताचे ठसे. घरात फक्त कापूस होता, तोच दाबला. तो जखमेला चिकटला आणि सोडवायला गेले तर राजाने माझं मनगट धरलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा! तेव्हापासून डब्यात गॉज, रोल बँडेज, बोथट टोकाची कात्री, सलाईन आणि चिकटपट्टी असते. तुमचे अनुभव सांगा.

पाऊलवाट: बिच्चारा राजा. दुखत असताना कुणीही चावतं हो.

दवाखानावाली: अकरा वर्षं व्हेटकडे मदतनीस आहे. रोल बँडेज आधी तोंड बांधायला लागतं. नाकाडावर फास, हनुवटीखाली एक वेढा, कानांमागे गाठ. उलटी होत असेल, धाप लागली असेल किंवा पग असेल तर मात्र बांधू नका. काच वर दिसली तर सलाईनने धुवा, खोल रुतलेली उपटू नका. मग गॉज ठेवून पाच मिनिटं घड्याळ लावून दाबा, मध्ये उचलून बघायचं नाही. रक्त वर आलं तरी खालचं गॉज तसंच, वर दुसरं.

ओसरी: मी दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघत होते.

दवाखानावाली: म्हणूनच थांबलं नसेल, धरलेली गुठळी निघते. नंतर बोटांच्या मध्ये थोडा कापूस, बँडेज बोटांकडून वर, मधली दोन नखं बाहेर. ती नखं फाकली किंवा बोटं गार लागली तर पट्टी घट्ट झालीय, लगेच सोडा.

मोतीचा_बाबा: आमच्याकडे कॉर्नफ्लोअर. नख जास्त कापलं गेलं की त्यात दाबायचं, रक्त थांबतं. शिवाय दुखण्यावर आयबुप्रोफेनची अर्धी गोळी.

दवाखानावाली: कॉर्नफ्लोअर ठीक, पण नखापुरतंच, चिरलेल्या गादीत नको. गोळी आजच डब्यातून काढा. पोटात अल्सर होतो, किडनी जाते. उलटीत रक्त किंवा काळी शी दिसली तर थेट दवाखाना.

मोतीचा_बाबा: बाप रे. दोनदा दिलीय. उद्या दाखवून आणतो.

तुळशीवृंदावन: मुलीला गल्लीतला कुत्रा चावला तर यातलं काय लावायचं?

दवाखानावाली: ताई, हा डबा कुत्र्याचा आहे. मुलीची जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात रेबीजच्या लशीला न्या. हळद, चुना काही नको.

पाऊलवाट: हायड्रोजन पेरॉक्साइड ठेवायचं का? विष खाल्लं तर उलटीसाठी. आमचे डॉक्टर ठेवा म्हणतात, बहिणीचे अजिबात नको म्हणतात.

दवाखानावाली: आमच्याकडेही दोन मतं आहेत. फोनवर डॉक्टर असल्याशिवाय मी देणार नाही. फिनाइल प्यायला असेल तर उलटी करवणं जास्त वाईट.

ओसरी: डॉक्टरांचा नंबर झाकणाच्या आत चिकटवलाय. भाजी करपतेय, आले!

मोतीचा_बाबा: बँडेज चावून काढतो त्याचं काय करायचं? मोती मागच्या वेळी अर्धं गिळून बसला.