उत्तर: २० वर्षांचा अनुभव आणि तिशीतले मॅनेजर

> "कळंगुट-पणजीच्या हॉटेलांत फ्रंट ऑफिसला २० वर्षं झाली. मुलाखत घेणारे तिशीतले. सगळं लिहिलं तर जास्तच अनुभवी ठरतो, कमी लिहिलं तर जुना. बायोडेटा कसा मांडू?"

बायोडेट्याच्या पहिल्याच ओळीतून '२० वर्षांचा अनुभव' काढा. तो आकडा वाचला की समोरच्याला दोन शंका येतात: हा पगार जास्त मागेल, आणि माझं ऐकणार नाही. त्याऐवजी सध्याचं काम लिहा, उदाहरणार्थ: '८० खोल्यांचं हॉटेल, ६ जणांची टीम, ओपेरा क्लाउडवर रोजचं काम, परदेशी पाहुण्यांच्या नोंदी २४ तासांच्या आत ऑनलाइन.' यातलं जे खरोखर करता, तेवढंच लिहा. ओपेराची जुनी आवृत्तीच वापरली असेल तर क्लाउडचं प्रशिक्षण आधी घ्या. मुलाखतीत स्क्रीन समोर आली की लगेच कळतं.

शेवटची दहा वर्षं सविस्तर द्या. त्याआधीचं 'पूर्वीचा अनुभव' या मथळ्याखाली हॉटेल आणि पद एवढंच, तारखांशिवाय. मात्र कंपनीच्या ऑनलाइन अर्जात तारखा विचारल्या तर पूर्ण आणि खऱ्या भरा, कारण पार्श्वभूमी तपासणीत तफावत दिसली की ऑफर जाते.

पद आधीपेक्षा खालचं असेल तर कारण त्यांनी विचारण्याआधी तुम्हीच सांगा: 'मला ड्युटी मॅनेजरचंच काम हवंय, पाहुण्यांसमोर राहायचंय, जाहिरातीतला पगार मान्य आहे.' आणि 'आमच्या वेळी' हे शब्द टाळा. ओव्हरबुकिंगबद्दल विचारलं तर गेल्या डिसेंबरातला प्रसंग सांगा, २००८ चा नको.