गच्चीवरच्या बाकाखालचा भुगा

सुलभाताई (अ-२०२): गच्चीवर शेडखाली ठेवलेल्या नव्या बांबूच्या बाकाखाली रोज सकाळी पिठासारखा भुगा पडलेला असतो. झाडला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. वाळवी आहे का?

मोहनकाका (ब-१०४): वाळवी नाही, ती मातीच्या नळ्या करते. हा भुंगेरा. दांड्यावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसतील. बांबूत पिष्ट भरपूर असतं, ते खायला तो येतो. म्हणूनच बांबू पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडतात, तेव्हा पिष्ट कमी असतं.

निखिल (अ-३०१): काका, मग वॉर्निशचा अजून एक हात मारूया का?

मोहनकाका: त्याने आतला किडा मरत नाही. बांबूची बाहेरची साल इतकी घट्ट असते की तिच्यातून काही आत शिरत नाही. औषध जातं ते कापलेल्या टोकांतून आणि आतल्या बाजूने. आमच्या कुडाळच्या भाच्याच्या कारखान्यात आधी लांब सळईने पेरांमधले पडदे फोडतात, मग ओला, ताजा बांबू हौदात बुडवतात. १०० लिटर पाण्याला ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक ॲसिड. अख्खा बांबू आठवडा-दहा दिवस तसाच. वर दगड ठेवायचे, नाहीतर तो तरंगतो आणि वरची बाजू कोरडी राहते. मग सावलीत वाळवायचा. उन्हात टाकला की तडकतो. आणि हौदातलं पाणी झाडांना घालायचं नाही, झाडं जळतात.

शिल्पा (ब-२०३): रंगकामाच्या परांचीचे बांबूही असेच बुडवून आणायला सांगू का?

मोहनकाका: नको. हे औषध पाण्यात विरघळतं, पावसात धुऊन निघतं. घरातल्या, छपराखालच्या फर्निचरला ते उत्तम. परांचीचा बांबू उघड्यावर असतो आणि एका साइटवरून दुसरीकडे फिरतो. तिथे निवड महत्त्वाची. तीन-चार वर्षांचा पक्का, जाड, सरळ बांबू हवा. प्रत्येकावर काठीने ठोकून पाहा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर आत पोखरलेला किंवा कुजलेला. भोकं किंवा लांब उभी चीर असलेला बाजूला काढा. माणूस त्यावर उभा राहणार आहे, तिथे "थोडा किडलाय, चालेल" म्हणायचं नाही.

शिल्पा: गाडी उतरताना ठोकून बघायला मी थांबते. ठेकेदाराला आत्ताच कळवते.

सुलभाताई: आणि बाकाचं काय?

मोहनकाका: संध्याकाळी पाहिला. मागचे दोन पाय नखाने दाबले तरी आत जातात, ते बदलायलाच हवेत. बोल्टचे आहेत, निघतील. भाच्याकडून औषध दिलेले पाय मागवतो. बाकी दांड्यांखाली काळा कागद अंथरा आणि दोन आठवडे पाहा. ज्याच्याखाली ताजा भुगा दिसेल, त्यावर खडूने खूण करा.

निखिल: कागद मी आणतो काका.