मूल्यशिक्षणाच्या तासाला प्रवचन टाळायचं कसं? (सातवी, पट 52, तासिका 35 मिनिटांची)

शुभ्रफळा (ठाणे):
मूल्यशिक्षणाचा तास माझ्याकडे आलाय. परिपाठात सुविचार आणि बोधकथा होतातच. तासाला परत गोष्ट सांगून "यातून आपण काय शिकलो?" विचारलं की पन्नास तोंडांतून एकच उत्तर येतं, "नेहमी खरे बोलावे". बेल झाली की तीच मुलं एकमेकांच्या वह्या उतरवतात. उपदेश न करता हा तास घेता येतो का? नक्की काय करायचं तेवढं सांगा.

कोपरी_लोकल:
मला हे उपदेशाचं भय कळत नाही. पाढे पाठ करून घेता, मग खरं बोलावं हे सरळ सांगायला काय हरकत आहे? बारा वर्षांच्या मुलाने चर्चा करून ठरवायचं का की चोरी वाईट? श्रमप्रतिष्ठा, नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा वगैरे दहा मूल्यं ठरलेली आहेत. ती सांगा, करून घ्या. चर्चेने गोंधळ वाढतो, आणि जो मुलगा बोलायला पटाईत तो जिंकतो.

जुनी_तासिका:
कोपरी_लोकल यांचं अर्धं बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरू करते. चोरी करावी का, हा चर्चेचा प्रश्नच नव्हे. उत्तर सगळ्यांना माहीत असतं आणि मुलं बाईंना हवं ते बोलतात. पहिली-दुसरीत तर रांग, डबा वाटून खाणं, वस्तू जागेवर ठेवणं या सवयीच लावायच्या. वक्तशीरपणावर वाद कसला घालणार? शाळा वेळेवर सुरू करायची, झालं.

पण सातवीत चर्चेला घ्यायचा प्रसंग असा हवा की दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात. एक तयार प्रसंग देते.

ठाण्यातल्या तलावांवर चौघांचा गटप्रकल्प. सई, अरबाज आणि तन्मय यांनी तक्ता केला, माहिती जमवली. ओंकारने आठ दिवसांत काहीच केलं नाही. उद्या प्रकल्प द्यायचाय आणि पहिल्या पानावर चौघांची नावं लिहायची आहेत. लेखन सईकडे आहे. तिने ओंकारचं नाव घालावं का?

इथे खरेपणा एका बाजूला, मैत्री दुसऱ्या बाजूला, आणि बाकीच्या दोघांवर होणारा अन्याय तिसरीकडे.

तास असा चालवा. पहिल्या पाच मिनिटांत प्रसंग दोनदा वाचा आणि "सईपुढे नेमकी अडचण काय?" एवढंच विचारा. मग दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. प्रत्येकाने चिठ्ठीवर "घालावं" किंवा "घालू नये" आणि एक कारण लिहायचं, नाव नको. ही चिठ्ठी गाळू नका. ती गाळली की पहिल्या बाकावरची तीन मुलं बोलतात आणि बाकीची त्यांच्यामागे जातात. कोपरी_लोकल म्हणतात तो पटाईत मुलगा तिथेच जिंकतो.

नंतर पुढच्या बाकावरच्यांना मागे वळवा, चौघाचौघांचे गट आपोआप होतात. आठ मिनिटं. काम एकच, दोन्ही बाजूंचं एकेक चांगलं कारण शोधायचं. मग बारा-पंधरा मिनिटं सगळ्या वर्गाची चर्चा. शेवटी पुन्हा चिठ्ठी, पण या वेळी लिहायचं ते आपल्याला न पटलेल्या बाजूचं सगळ्यांत भक्कम कारण. हातचे चार-पाच मिनिटं राहतात, ती बाकं सरकवण्यात जातात.

तास प्रवचनाकडे घसरतो तो तुमच्या प्रश्नांमुळे. "मग असं करणं योग्य आहे का?" असं विचारलं की सूरच उत्तर सांगतो. त्याऐवजी विचारा, "तन्मय हे ऐकत असता तर काय म्हणाला असता?" "सरांना नंतर कळलं तर?" "ओंकारच्या जागी तुझा जिवलग मित्र असता तर कारण बदललं असतं का?" आणि सगळ्यांत कामाचा प्रश्न, "आत्ता ती जे म्हणाली ते तुझ्या शब्दांत सांग, मग तुझं सांग." मुलं तुमच्याशी बोलायची थांबून एकमेकांच्या कारणांना उत्तर देऊ लागली की तास लागला म्हणायचा. प्रत्येक उत्तरानंतर सगळे तुमच्याकडे बघतायत, "छान" ऐकायला, तर तास अजून तुमचाच आहे. म्हणून "छान", "शाब्बास" हे शब्द त्या पस्तीस मिनिटांपुरते बाजूला ठेवा.

मधेच एक पुरवणी द्यायची. गटाच्या भेटी व्हॉट्सॲपवर ठरायच्या, ओंकारच्या घरी एकच फोन आणि तो बाबा कामावर नेतात. बहुतेक वेळा वर्ग इथे गप्प होतो, कारण प्रश्न "ओंकार आळशी का?" वरून "आपण त्याला सांगितलं होतं का?" वर येतो.

घणसोलीकर_पालक:
चांगला विषय काढलात. आमचा मुलगा आठवीत आहे, दिवसभर मोबाईल. शाळेत मूल्यशिक्षण होतं म्हणे, पण घरी काही फरक नाही. संध्याकाळचे संस्कारवर्ग चांगले असतात का? कोणाला माहीत असेल तर सांगा.

शुभ्रफळा (ठाणे):
@घणसोलीकर_पालक, मोबाईलचा वेगळा धागा काढा, तिथे जास्त लोक सांगतील. इथे शाळेतल्या तासाबद्दल चाललंय.

@जुनी_तासिका, चिठ्ठ्यांचं नंतर काय करायचं? आणि वर्णनात्मक नोंदीत काय लिहू?

जुनी_तासिका:
पहिल्या आणि शेवटच्या चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे ठेवा. किती जणांनी बाजू बदलली ते मोजू नका, त्यातून काही कळत नाही. कारणांची जात बघा. "बाई ओरडतील", "माझे गुण जातील" अशी कारणं किती, आणि "तन्मयने रात्र घालवली, त्याला काय वाटेल" किंवा "आज एकाला सोडलं तर पुढच्या प्रकल्पात कोण काम करेल" अशी किती. दोन-तीन महिन्यांत दुसऱ्या प्रकारची वाढली तर काहीतरी होतंय.

चिठ्ठीवर नाव नसल्याने नोंद तासाला ऐकलेल्यावरूनच करावी लागेल. "प्रामाणिक आहे" असं लिहू नका, ते एका तासात कोणालाच कळत नाही. "दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडून मग मतभेद सांगतो" असं लिहा. ते ऐकलेलं असतं. मूल्याला श्रेणी दिली की मुलं श्रेणीसाठी बोलतात, आणि तुम्ही पुन्हा "नेहमी खरे बोलावे"पाशी येता.

वाशी_प्रशिक्षण:
जुनी_तासिका यांची पद्धत चांगली आहे, पण त्यांच्याच पुरवणीत खोट आहे. घरी एकच फोन, तोही बाबांकडे, अशी मुलं महापालिकेच्या शाळेत प्रत्येक वर्गात असतात. वर्ग गप्प होतो तो विचाराने की शेजारी बसलेल्याकडे बघून? वर्गातलं एखादं मूल जे आज जगतंय ते प्रसंगात घालायचं नाही, हा पहिला नियम. टॉवर आणि चाळ एकाच वर्गात बसतात तिथे तर जास्तच.

दुसरं. सगळीकडे तटस्थ राहू नका. सोसायटीत घरकाम करणाऱ्या मावशींना लिफ्ट वापरू द्यावी का, असा प्रसंग काही जण चर्चेला घेतात. मग एक मूल म्हणतं, "त्यांच्यासाठी वेगळी लिफ्ट आहे ना", आणि मागच्या बाकावरच्या मुलीची आई तेच काम करत असते. समानतेला दोन बाजू नसतात. तिथे शिक्षकाने सरळ सांगावं की ही वागणूक चुकीची आहे. परिपाठात रोज संविधानाची उद्देशिका वाचतो, तिच्यातला शब्द आहे तो. चर्चा घ्यायचीच तर पुढच्या पायरीवर घ्या, शेजारच्या काकांना हे कोणी आणि कसं सांगायचं.

जुनी_तासिका:
फोनची गोष्ट मान्य, चूक माझी. पुरवणी अशी बदला. गट बसला त्या शुक्रवारी ओंकार खो-खोच्या सरावाला होता आणि निरोप द्यायचं काम अरबाजचं होतं, ते राहून गेलं. परिणाम तोच, कोणाचं घर उघडं पडत नाही.

लिफ्टबद्दलही मान्य.

कोपरी_लोकल:
म्हणजे शेवटी सांगावंच लागतं. मी हेच म्हणत होतो. आणि चर्चेने मुलं चांगली बोलायला लागतील, चांगली वागतील याची खात्री काय?

वाशी_प्रशिक्षण:
खात्री नाही. पण ती सांगण्यालाही नाही. अमेरिकेत 1920 च्या दशकात हार्टशॉर्न आणि मे यांनी हजारो मुलांना फसवायची संधी देऊन पाहिलं. एका ठिकाणी प्रामाणिक राहिलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी राहीलच असं निघालं नाही, आणि काय बरोबर हे माहीत असण्याचा वागण्याशी संबंध फार कच्चा निघाला.

नैतिक पेचांची चर्चा वर्गात आणली ती लॉरेन्स कोलबर्ग आणि त्यांचे विद्यार्थी मोशे ब्लॅट यांनी. कारणं सुधारतात हे दिसलं, वागणं आपोआप सुधारत नाही हेही. म्हणून कोलबर्ग 1974 मध्ये अमेरिकेतल्याच केंब्रिजच्या एका छोट्या शाळेकडे वळले. तिथे नियम मुलं आणि शिक्षक मिळून, प्रत्येकी एक मत अशा सभेत ठरवायचे. शाळेत पैसे चोरीला गेले तेव्हा "चोरी वाईट" यावर सभा अडली नाही. गेलेले पैसे सगळ्यांनी मिळून भरायचे का, यावर वाद झाला.

म्हणजे ओंकारचा तास चिठ्ठ्यांवर संपवू नका. पुढच्या आठवड्यात वर्गाने गटप्रकल्पाचा नियम करावा. कामाची वाटणी पहिल्याच दिवशी कागदावर, चौघांच्या सह्या, आणि चौथ्या दिवशी पाच मिनिटांची भेट. वर्गाने केलेला नियम खऱ्या प्रकल्पात पाळला जातो का ते बघा. मोडला तर तोच पुढचा प्रसंग.

शुभ्रफळा (ठाणे):
हे जमेल. एकच राहिलं. मुलं शेवटी विचारतातच, "बाई, तुम्ही काय केलं असतं?" सांगायचं का?

जुनी_तासिका:
नाही. ब्रिटनमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांच्या प्रकल्पात 1967 पासून हीच भूमिका होती, वादाच्या विषयात शिक्षकाने चर्चा चालवावी, आपलं मत पुढे करू नये. एकदा सांगितलंत की पुढच्या तासाला मुलं तुमचं मत ओळखायचा खेळ खेळतात.

वाशी_प्रशिक्षण:
मी सांगेन, पण चिठ्ठ्या गोळा झाल्यावर, आणि कुठे अडले तेही सांगेन. कधीच मत न देणाऱ्या बाईंकडून मुलं निर्णय घ्यायला कशी शिकणार?

जुनी_तासिका:
चिठ्ठ्यांनंतर सांगितलंत तरी पुढच्या चिठ्ठ्या तुमच्याकडेच झुकतील. दोन महिने करून गठ्ठे पाठवा, बघू.

कोपरी_लोकल:
तोवर वह्या उतरवणाऱ्यांचं काय?

शुभ्रफळा (ठाणे):
त्यांना गृहपाठाचा नियम करायला बसवते. पहिला वाद कशावर होणार ते मला आत्ताच दिसतंय, "समजत नसेल तर मित्राची वही बघायची की नाही".