मदत हवी आहे: पैसे अडकले, बँकेला ट्विटरवर टॅग केलं, आता कुणाला उत्तर देऊ?

वैतागलेला_वाकडकर: दुकानात यूपीआयने ₹6,480 भरले. खात्यातून गेले, दुकानदार म्हणतो आले नाहीत. बँकेचा फोन लागत नाही, म्हणून स्क्रीनशॉट टाकून बँकेला आणि रिझर्व्ह बँकेला टॅग केलं. दहा मिनिटांत बँकेच्या नावाने तीन खात्यांकडून उत्तरं आली. एकाने फॉर्म पाठवलाय, एक व्हॉट्सॲप नंबर मागतोय. यातलं खरं कोणतं? लवकर सांगा.

कोपऱ्यातला_क्लार्क: कधी भरले? ॲपमध्ये Pending दिसतंय, Failed की Success? आणि स्क्रीनशॉटमध्ये काय काय दिसत होतं?

ढोलताशा: अजून जोरात टॅग करा! अर्थमंत्र्यांनाही घ्या. पैसे एका दिवसात परत आले नाहीत तर रोज ₹100 दंड बसतो बँकेला. नियमच आहे.

कोपऱ्यातला_क्लार्क: नियम आहे, पण अर्धाच सांगितलात. रिझर्व्ह बँकेच्या 2019च्या परिपत्रकात एक दिवसाची मुदत आहे ती एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेल्या पैशांसाठी. दुकानाला पैसे देताना खात्यातून गेले आणि दुकानात खात्री पोचली नाही, तर व्यवहाराचा दिवस सोडून 5 दिवस. सुट्ट्याही त्यातच मोजायच्या. समजा 10 तारखेला भरले. 15पर्यंत आपोआप परत यायला हवेत, आणि 19ला आले तर 4 दिवसांचे ₹400 वर मिळायला हवेत. 12 तारखेला टॅग करून आरडाओरडा केला तर बँक "मुदत संपलेली नाही" एवढंच लिहिणार.

वैतागलेला_वाकडकर: 11 तारखेला भरले, आज 13. स्क्रीनशॉट पूर्ण होता: मोबाईल नंबर, यूटीआर, सगळं. फॉर्म भरून टाकला मी. नाव, खाते क्रमांक, नंबर. पिन नाही दिला.

सुगरण_सांगलीची: अरे देवा. पोस्ट आधी डिलीट कर.

कोपऱ्यातला_क्लार्क: पोस्ट काढाच. नुसत्या खाते क्रमांकावरून पैसे निघत नाहीत. पण आता फोन येईल आणि तो माणूस तुमचा यूटीआर, रक्कम, दुकानाचं नाव बिनचूक सांगेल. लोक तिथेच फसतात, कारण "एवढं फक्त बँकेलाच माहीत असणार" असं वाटतं. प्रत्यक्षात ते तुमच्याच स्क्रीनशॉटवरून वाचलेलं असतं. मग तो स्क्रीन शेअर करणारं ॲप घ्यायला सांगेल किंवा "रिफंडसाठी" पिन टाकायला लावेल. पैसे खात्यात यायला पिन कधीच लागत नाही. पिन किंवा ओटीपी दिला गेला तर त्याच क्षणी बँकेकडून यूपीआय बंद करून घ्या आणि 1930ला फोन करा.

खरं खातं ओळखायला बँकेच्या वेबसाइटवर तळाशी सोशल मीडियाची चिन्हं असतात, तिथून उघडा. शोधून उघडू नका. निळ्या टिकवरही जाऊ नका, ती विकत मिळते.

रेल्वेप्रेमी_मनमाड: टॅग करून काम होतंच. डब्यात पाणी नव्हतं, रेल्वेला पीएनआर लिहून टाकलं, पुढच्या स्टेशनवर भरलं.

कोपऱ्यातला_क्लार्क: तिथे गाडी चालू असते आणि पुढच्या स्टेशनवरचा माणूस लगेच काही करू शकतो. बँकेच्या ट्विटरवर बसलेल्याच्या हातात तुमचे पैसे नसतात. तो फक्त तक्रार पुढे ढकलतो. म्हणून आधी ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवा. मुदत टळली की तो तक्रार क्रमांक आणि तारीख एवढंच जाहीर लिहा. तेव्हा टॅगचा उपयोग होतो, कारण शोधायला त्यांच्याकडे काहीतरी असतं.

ढोलताशा: टॅग म्हणजे लेखी तक्रारच की. 30 दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे चालते.

सुगरण_सांगलीची: चालते म्हणून कोण सांगतंय? बँकेच्या पोर्टलची किंवा ईमेलची पोच जोडावी, वाद कशाला ओढवून घ्यायचा?

ढोलताशा: पोस्टवर तारीख असते, वेळ असते. अजून काय हवं?

कोपऱ्यातला_क्लार्क: तुमचं चालू द्या. वाकडकर, स्टेटस अजून सांगितलं नाहीत.

वैतागलेला_वाकडकर: Success आहे. तेच तर! म्हणून दुकानाचं नाव टाकून "चोर" लिहिलं होतं.

कोपऱ्यातला_क्लार्क: हे आधी सांगायचं ना. Success म्हणजे बहुधा पैसे दुकानाच्या बाजूला पोचलेत, मग ते आपोआप परत येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. दुकानदार बहुतेक साउंडबॉक्स वाजला नाही म्हणून नाही म्हणतोय. त्याला 12 आकडी यूटीआर द्या आणि त्याच्या व्यापारी ॲपमध्ये 11 तारखेच्या जमेत शोधायला सांगा. क्यूआर कुणाच्या खात्याचा होता तेही विचारा, कधीकधी मुलाचा किंवा भागीदाराचा असतो. तिथेही सापडलं नाही तर ॲपमधल्या तक्रारीत "दुकानदाराला मिळाले नाहीत" हे कारण निवडा.

आणि ते "चोर" आधी काढा. त्याने शोधून द्यायचंय अजून.

वैतागलेला_वाकडकर: काढलं. पण त्याने स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय, वस्तू द्यायला नाही म्हणतोय.